चकतीची सावली, मधला ठिपका आणि त्याच त्या चुका

फ्रेनेलचे हाफ पिरियड झोन, म्हणजे लाटेवर आखलेली अशी गोल कडी की शेजारच्या दोन कड्यांतला प्रकाश पडद्याच्या मध्यावर एकमेकांच्या उलट फेजमध्ये पोचतो, ते शिकताना पोरं दरवर्षी एकच चूक करतात आणि मला आता खरंच कंटाळा आलाय. आधी गोल भोकाचं गणित होतं, त्यात सम झोन उघडे असले की केंद्र काळं आणि विषम असले की उजळ, हे तोंडपाठ होतं. मग प्रकाशाच्या वाटेत गोल चकती आली की तिच्या सावलीच्या केंद्रालाही तोच नियम उचलून चिकटवतात, "सहा झोन झाकले, सहा सम, म्हणून केंद्र काळं". नाही हो! भोकात झोनची रांग मध्येच तुटते, म्हणून शेवटचा झोन कुठला याला महत्त्व. चकतीत सुरुवातीचे झोन जातात पण पुढची रांग तुटतच नाही, ती हळूहळू विरत जाते.

प्रत्येक झोनमधून येणाऱ्या लाटेचा वाटा m म्हणा. सहा झाकलेत ना, मग उरले m7 − m8 + m9 − m10... प्रत्येक झोन शेजाऱ्यापेक्षा किंचितच कमजोर, म्हणून m7 चा अर्धा भाग बाजूला ठेवा, उरलेला अर्धा m7 आणि अर्धा m9 मिळून m8 ला जवळजवळ खाऊन टाकतात, पुढेही तसंच. हातात राहतं m7/2. काहीच झाकलं नसतं तर m1/2 आलं असतं, आणि m7 हा m1 पेक्षा नगण्यच कमी असतो. म्हणजे केंद्रावर उजेड जवळपास तेवढाच जेवढा चकती नसताना असता. पेपरात "अंधुक ठिपका" लिहिणाऱ्यांनी हे परत वाचा.

यावर हमखास येणारा प्रश्न, "सर, सव्वासहा झोन झाकले तर?" माझी सवय सांगतो, मी झोन मधून मोजतच नाही, थेट चकतीच्या काठापासून मोजायला लागतो. काठाला लागून पहिलं कडं, मग दुसरं, आणि बेरीज त्या पहिल्या कड्याच्या निम्मी. पूर्णांकाची भानगडच संपली, सम-विषम पण संपलं. आणि काठाचा प्रत्येक बिंदू केंद्रापासून सारख्याच अंतरावर असल्यामुळे सगळीकडून येणाऱ्या लाटा तिथे एका फेजमध्ये पोचतात.

आता प्रयोगातली चूक, ही माझी स्वतःची. पहिल्यांदा मी सोपं म्हणून खिशातलं नाणं लावलं, लेझर लेन्सने पसरवला, आणि दोन तास सावलीत डोळे फोडले. काही नाही. मग सिद्धांतावरच शंका घेतली, लाज वाटते आता. दोष काठाचा होता. काठालगतच्या झोनची रुंदी साधारण λL/2R असते, L = ab/(a+b), यात λ म्हणजे प्रकाशाची तरंगलांबी, R म्हणजे अडथळ्याची त्रिज्या, a म्हणजे उगमापासून अडथळा आणि b म्हणजे अडथळ्यापासून पडदा. दोन्ही 2 मीटर धरले तर L 1 मीटर. लाल लेझर 650 नॅनोमीटर, नाण्याची त्रिज्या 12 मिमी, तर रुंदी येते फक्त 0.027 मिमी! नाण्याच्या काठावरच्या खाचा त्याहून मोठ्या, म्हणजे कुठे एक झोन झाकला जातो कुठे दोन, सगळा फेज विस्कटतो. वर नाणं तीन-चार अंश जरी तिरकं झालं तरी सावली लंबवर्तुळ होऊन तेवढाच घोळ.

शेवटी सायकलवाल्याकडून 4 मिमीचा छर्रा आणला. त्रिज्या 2 मिमी, झोनची रुंदी 0.16 मिमी, झाकलेले झोन R²/λL म्हणजे सहाच्या जरासे वर, आणि गोळा असल्यामुळे तिरका होण्याचा प्रश्नच नाही. काचेच्या स्लाइडवर चिकटवला तरी ठिपका अर्धवट, फाटका. गोंदाचा फुगवटा छर्‍याच्या बाहेर डोकावत होता. टाचणीच्या टोकाएवढा गोंद घेऊन पुन्हा चिकटवला आणि लगेच दिसला. घाई करणाऱ्यांनी इथेच मार खाल्लाय.

बरं, दिसला म्हणजे केवढा? सावली 8 मिमीची आणि तिच्यात ठिपका भोवतालच्या पहिल्या काळ्या कड्यापर्यंत जेमतेम अर्धा मिमी. खोली काळोखी हवी. पडदा जवळ आणून "मोठा करायचा" प्रयत्न करू नका, रुंदी λb/R च्या प्रमाणात बदलते त्यामुळे तो आणखी बारीक होतो, उजेड कमी झाला म्हणून नाही तर आकारामुळे दिसेनासा होतो.

एलईडी टॉर्च चालत नाही, इथे उगम 0.2 मिमीपेक्षा लहान हवा. लेझर न पसरवता छर्‍यावर मारला तर बीम पूर्णच झाकला जातो, काठावर पडायला प्रकाशच उरत नाही.

काचेचं रिफ्लेक्शन तर नाही ना, ही शंका आली तर स्लाइड किंचित तिरकी करा. रिफ्लेक्शन पळतं, खरा ठिपका सावलीचा मध्य सोडत नाही.

आणि हो, "हा ठिपका पॉयसनने शोधला" असं लिहू नका. त्याने 1818 मध्ये फ्रेनेलचा प्रकाशाचा लहरी सिद्धांत खोटा पाडायला हा निष्कर्ष काढला होता, सावलीच्या मध्यात उजेड म्हणजे मूर्खपणाच असं समजून. अरागोने 2 मिमीची चकती लावून खरंच बघितलं आणि ठिपका होता. गंमत म्हणजे माराल्डीला तो 1723 मध्येच दिसला होता, फक्त कोणी फारसं लक्ष दिलं नव्हतं.