‘साडेसहा आयएसटी’ म्हणजे नेमके किती वाजता? शिफ्ट सोपवताना या चुका टाळा

मिहानमधल्या आमच्या कार्यालयातून जे डेटाबेस सांभाळले जातात, त्यांचे काम चोवीस तासांत तीन शहरांतून फिरते. दिवसा ते नागपूरकडे असते, संध्याकाळी डब्लिनकडे आणि रात्री डेन्व्हरकडे. प्रत्येक बदलाच्या वेळी एक नोंद लिहून काम पुढे सोपवायचे असते आणि गेली कित्येक वर्षे त्या नोंदींत मी त्याच त्या चुका पाहत आलो आहे. त्यांतली सर्वांत महाग चूक मात्र माझ्या स्वतःच्या हातून झाली, म्हणून सुरुवात तिच्यापासूनच करतो.

जुलै महिना होता. एका ओरॅकल डेटाबेसचा बॅकअप त्या दिवशी नेहमीपेक्षा बराच लांबला होता. बॅकअप पूर्ण होण्याआधी आर्काइव्ह लॉग पुसले जाऊ नयेत, म्हणून ते पुसणारा जॉब मी दुपारी बंद केला. तीन वाजता शिफ्ट संपताना डब्लिनसाठी नोंद लिहिली, ‘पर्ज जॉब १८:३० आयएसटीनंतर सुरू करावा,’ आणि खाली उभ्या असलेल्या कॅबकडे धावलो. माझ्या मनात भारतीय वेळ होती, म्हणजे डब्लिनमधले दुपारचे दोन. परंतु आयर्लंडमध्येही उन्हाळ्यातल्या वेळेला आयएसटीच म्हणतात, आयरिश स्टँडर्ड टाइम. डब्लिनच्या सहकाऱ्याने ती आपली वेळ समजली. त्याची शिफ्ट साडेपाचला संपत असल्यामुळे हे काम आपल्यानंतरचे आहे असे मानून त्याने माझे वाक्य जसेच्या तसे डेन्व्हरच्या नोंदीत उतरवले. डेन्व्हरच्या बाईंनी ते वाचले तेव्हा नागपुरात रात्रीचे दहा वाजले होते. आयएसटी म्हणजे भारतीय वेळ हे त्यांना पक्के ठाऊक होते, त्यामुळे साडेसहा केव्हाच उलटून गेले आहेत आणि जॉब डब्लिनने सुरू केला असणार, असा त्यांनी अर्थ लावला.

जॉब कोणीच सुरू केला नाही. सकाळी सहाला मी आलो तेव्हा आर्काइव्ह लॉगची जागा भरून डेटाबेस अडकला होता, नव्या ऑर्डरी घेतल्या जात नव्हत्या आणि पडद्यावर `ORA-00257` झळकत होते. तिघांपैकी एकाचाही तर्क मूर्खपणाचा नव्हता. दोष माझ्या तीन अक्षरांचा होता. ज्यांना हे पटत नाही, त्यांना मी लिनक्सवर या दोन ओळी चालवायला सांगतो:

```
TZ=Europe/Dublin date -d '2025-07-15 13:00 UTC' +'%H:%M %Z'
TZ=Asia/Kolkata date -d '2025-07-15 13:00 UTC' +'%H:%M %Z'
```

पहिलीचे उत्तर `14:00 IST` येते, दुसरीचे `18:30 IST`. तेव्हापासून मी नोंदीत तारखेसह यूटीसी वेळ लिहितो आणि पुढे वाचणाऱ्याच्या शहराची वेळ शहराच्या नावानिशी देतो: ‘१५ जुलै, १३:०० यूटीसी, डब्लिन १४:००’. ‘उद्या सकाळी’ हे शब्द तर लिहूच नयेत.

दुसरी चूक नवख्यांची लाडकी आहे: आपण काय काय केले याचा पाढा वाचायचा आणि शेवटी ‘लक्ष ठेवावे’ एवढे लिहून मोकळे व्हायचे. पुढच्या माणसाला तुमच्या कष्टांचा इतिहास नको असतो. यंत्रणा आत्ता नेहमीपेक्षा कोणत्या बाबतीत वेगळ्या अवस्थेत आहे, हे त्याला हवे असते. माझ्या त्या नोंदीची पहिली ओळ ‘पर्ज जॉब बंद आहे’ अशी असायला हवी होती आणि तिच्याखाली तो का बंद आहे, बॅकअप पूर्ण झाल्याचे कोठे दिसेल, तो कोणी सुरू करायचा आणि तोवर जागा ९० टक्क्यांवर गेली तर काय करायचे, एवढे पुरले असते. तसे असते तर वेळेचा घोळ होऊनही डेन्व्हरने जॉब खरोखर चालू आहे का, हे एकदा तपासले असते. अशी नोंद शेवटच्या पाच मिनिटांत, खांद्याला बॅग लावून लिहिता येत नाही. मी ती शिफ्ट संपण्याच्या तासभर आधी उघडतो. तयार नमुन्यातले रकाने भरून सुटका करून घेणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, कारण त्यांच्या ‘जोखीम’ या रकान्यात नेहमी ‘नाही’ असेच असते.

नोंद पाठवली म्हणजे काम सोपवले गेले, असेही नाही. समोरचा माणूस खुली कामे स्वतःच्या शब्दांत परत सांगेपर्यंत ती माझ्याच नावावर राहतात, मग कॅब निघून गेली तरी चालेल.

शेवटी घड्याळाविषयी. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे पुढे करते, आयर्लंड शेवटच्या रविवारी, आपण कधीच नाही. हिवाळ्यात डेन्व्हरची शिफ्ट तिथल्या सातला, म्हणजे आपल्या साडेसातला संपते आणि आपली सातला सुरू होते, त्यामुळे बोलायला अर्धा तास मिळतो. घड्याळ बदलले की डेन्व्हर आपल्या साडेसहालाच उठते आणि त्या अर्ध्या तासाच्या जागी तेवढाच काळ कोणीच हजर नसते. म्हणून त्या सोमवारपासून आम्ही नागपूरची शिफ्ट सहाला सुरू करतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर ती पुन्हा सातवर आणतो.