फलालीनची ऊब: ती येते कुठून, जाते कुठे आणि टिकवायची कशी

मी गिरगावात बाळंतविडे शिवते. टोपडी, झबली, लंगोट साध्या मऊ सुती कापडाचे, पण दुपट्याला मात्र फलालीनच लागतं. दोन-तीन महिन्यांनी तेच दुपटं घेऊन एखादी आई परत येते. कापडाला गोळे धरलेले असतात, मधला भाग विरविरीत झालेला असतो आणि तिला वाटतं, कापड खोटं निघालं. बहुतेक वेळा कापड खरंच असतं. त्याची ऊब आणि त्याचं झिजणं एकाच कारणातून येतं, आणि ते कारण कळलं की धुण्याची रीत आपोआप सुचते.

लव कुठून येते

सुती फलालीन मागावरून उतरतं तेव्हा साध्या कापडासारखंच सपाट असतं. फरक सुतात असतो. लांबीतला धागा, म्हणजे ताणा, घट्ट पिळाचा असतो. रुंदीतला आडवा धागा, म्हणजे बाणा, जाडसर आणि मुद्दाम कमी पिळाचा कातलेला असतो. मग हे कापड एका मोठ्या फिरत्या ढोलावरून नेतात. त्या ढोलाभोवती बारीक, वाकड्या तारांचे रूळ असतात. त्या तारा सैल बाण्यात शिरून कापसाच्या तंतूंची टोकं बाहेर ओढतात. कापड असं अनेकदा फिरवलं की वर लव उभी राहते.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. या सगळ्यात वरून नवा कापूस घातलेला नसतो. लव सुताच्या पोटातूनच काढलेली असते. जेवढी ती दाट, तेवढा आतला धागा बारीक आणि दुबळा.

ऊब देते ती लवेत अडकलेली हवा. कापसाच्या तंतूपेक्षा स्थिर हवेतून उष्णता कितीतरी कमी वाहते, म्हणून अंगाची ऊब अंगाशीच राहते. शिवाय कापड अंगाला सपाट चिकटत नाही, फक्त टोकं टेकतात. त्यामुळे जानेवारीच्या पहाटे फलालीन पांघरताना पहिला गार स्पर्श जाणवत नाही. लव चेपली की हवा गेली, आणि कापड तेवढंच असूनही ऊब कमी होते.

घेताना

मंगळदास मार्केटमध्ये हात फिरवून मऊपणा बघू नका, तो सगळ्याच फलालीनला असतो. तुकड्याच्या कडेचा एक आडवा धागा उसवून दोन्ही हातांनी हलकेच ओढा. जरासा ताण पडताच तो कापसासारखा सुटला तर बाण्यात जीव उरलेला नाही, लव जास्त काढली आहे. मग अंगठ्याने एकाच जागी वीसेक वेळा गोल घासा. तंतू लगेच गुंडाळायला लागले तर घरीही तेच होणार. दोन्ही बाजूंनी लव असलेलं कापड जास्त उबदार असतं, पण त्याच्या बाण्यातून दोन्हीकडे तंतू काढलेले असतात. रोज धुवायच्या दुपट्यासाठी मी एकाच बाजूची लव पसंत करते.

गोळे आणि पातळपणा

घासलं गेलं की लवेची सुटी टोकं एकमेकांत गुंततात आणि गोळा होतो. दोन-चार तंतूंनी तो धाग्याला धरून असतो. शुद्ध सुती कापडात हे तंतू लवकर तुटतात आणि गोळा गळून पडतो. पॉलिएस्टर मिसळलेल्या कापडात धरून ठेवणारा तंतू चिवट असल्यामुळे गोळे तसेच राहतात. म्हणून सुती दुपट्यावरचे गोळे पाच-सहा धुण्यांनंतर दिसेनासे झाले तर कापड सुधारलं असं समजू नका. गोळे गेले ते कापूस घेऊनच गेले. यंत्रातल्या जाळीच्या पिशवीत जमणारा मऊ लगदा बघा, त्यात तुमचं दुपटंही आहे.

किती गेलं हे स्वयंपाकघरातल्या काट्यावर कळतं. नव्या कापडाला खळ असते, म्हणून पहिल्या धुण्यानंतरचं वजन धरा. समजा ते १७० ग्रॅम आहे आणि पुढे १५० भरलं. कमी झाले २० ग्रॅम, म्हणजे बारा टक्क्यांच्या आसपास. पण घट्ट पिळाचा ताणा फारसा झिजत नाही, हे २० ग्रॅम जवळजवळ सगळे बाण्यातून गेलेले असतात. कापडात बाण्याचा वाटा १०० ग्रॅम धरला तर त्याचा पाचवा हिस्सा संपला. मात्र दोन्ही वेळा वजन इस्त्री फिरवल्यावर लगेच करा. मुंबईच्या पावसाळ्यात कापूस हवेतलं पाणी पितो, आणि काही ग्रॅम नुसत्या ओलाव्याचेच दिसतात.

धुताना

लव आतल्या बाजूला येईल असं दुपटं उलटं करा किंवा दुमडून जाळीच्या पिशवीत घाला. टॉवेल, जीन्स, चेनचे कपडे सोबत नकोत, सर्वांत जास्त झीज त्यांच्या घासण्याने होते. पाणी गार किंवा कोमट असावं, यंत्राचं चक्र छोटं आणि हलकं ठेवावं. हाताने धुणार असाल तर पंधरा मिनिटं भिजवून दाबून धुवा. मोरीच्या दगडावर आपटणं आणि ब्रश मारणं म्हणजे गिरणीतलं तारांचं काम घरी पुन्हा करणं. फरक एवढाच की आता काढायला सुतात फारसं काही उरलेलं नसतं.

साबणाच्या पाकिटावर ‘सेल्युलेज’ लिहिलं आहे का ते वाचा. हे विकर सुती कपड्यावरचे बारीक तंतू खाऊन कापड गुळगुळीत करतं. शर्टाला ते चांगलं, फलालीनला नाही, कारण इथे तेच तंतू आपल्याला हवे आहेत. क्लोरीनचं ब्लीच टाळा, त्याने तंतूच कमजोर होतो. कपडे मऊ करणारं द्रव तंतूंवर थर धरतं आणि दुपटं पाणी टिपेनासं होतं.

वाळत घालण्याआधी दोन टोकं धरून जोरात झटका, अर्धवट वाळल्यावर पुन्हा एकदा. चेपलेली लव त्याने उठते. गोळे आले असतील तर नखाने ओढू नका, गोळ्यासोबत आतला लांब तंतू निघून येतो. कापड टेबलावर ताणून धारदार कात्री आडवी धरून कापा.

एक गोष्ट कळकळीने सांगते. बाळाला ओवा-वावडिंगाची धुरी देताना फलालीनचं दुपटं शेगडीजवळ आणू नका. बारीक सुटे तंतू आणि मधली हवा, ज्याने ऊब येते, त्यानेच ठिणगी पडताच वरवरची लव भरकन पेटते.

विरलेल्या दुपट्याचं काय करावं

खिडकीच्या उजेडात धरा. उभे धागे रेघांसारखे वेगळे दिसू लागले की बाणा संपत आला. असं कापड रुंदीत ओढलं तर आडवे धागे तुटून लांबीत सरळ फाटतं, लांबीत मात्र अजून ताण सोसतं. त्यामुळे त्यातून लंगोट कापायचे असतील तर बंद ज्या दिशेला ओढले जातात, त्या दिशेला ताणा येईल असा कागद ठेवा. मधला विरलेला पट्टा वगळा. कडेचा हातभर भाग बहुधा शाबूत असतो, कारण तिथे बाळाची टाच घासलेली नसते.