नऊ इंची भिंतीच्या पोटातली फट

डिप्लोमा झाल्यावर अमळनेरजवळच्या एका साइटवर मी शिकाऊ म्हणून लागलो. आपल्या खान्देशात आता बहुतेक घरं कॉलम-बीमची, मध्ये साडेचार इंची भिंत आणि वरून प्लास्टर. त्यामुळे बाँड, म्हणजे उभे सांधे एकावर एक येऊ नयेत म्हणून विटा रचायची पद्धत, हा विषय परीक्षेपुरताच राहतो. इथे मात्र मालकाला शेतघराची पुढची नऊ इंची भिंत उघड्या विटांची हवी होती, आणि ती फ्लेमिश बाँडमध्येच.

वीट सांध्यासकट ९ × ४.५ × ३ इंच धरा. विटेची लांब बाजू दर्शनी दिसली की स्ट्रेचर, तोंड दिसलं की हेडर. इंग्लिश बाँडमध्ये एक थर सगळा हेडरचा, त्यावरचा सगळा स्ट्रेचरचा. फ्लेमिशमध्ये एकाच थरात हेडर, स्ट्रेचर, हेडर अशी रांग, आणि वरच्या थरातला हेडर खालच्या स्ट्रेचरच्या बरोबर मध्यावर.

पहिल्याच दिवशी मी कोपऱ्यात चुकलो. खालचा थर स्ट्रेचरने सुरू केला, वरचा हेडरने, आणि हेडरला लागून लगेच स्ट्रेचर ठेवला. कागदावर ठीक वाटलं. चार थर झाल्यावर आप्पा मिस्तरींनी हाक मारली, "आठे ये, हाई देख." कोपऱ्यापासून साडेतेरा इंचांवर सांधा सरळ वर चढला होता, ओळंब्यासारखा. सत्तावीस इंचांवर पुन्हा तसाच. कारण साधं होतं: कोपऱ्यातल्या हेडरनंतर क्वीन क्लोजर, म्हणजे लांबीत चिरलेली सव्वादोन इंची वीट, बसवायची राहिली होती. ती बसली की पुढचे सगळे सांधे सव्वादोन इंच सरकतात आणि हेडर आपोआप मध्यावर येतो. इंग्लिशमध्येही हेडरच्या थरात कोपऱ्यातल्या पहिल्या विटेनंतर तीच लागते. क्लोजर अगदी कडेला ठेवू नका, निसटतो. आणि हातोडीने चिरायच्या भानगडीत पडू नका, आपल्या भट्टीची वीट वाकडी फुटते, ग्राइंडर घ्या.

खरा धडा मात्र पंधरा दिवसांनी मिळाला. मालकाने खिडकी वाढवायला सांगितली, म्हणून भिंत थोडी उघडली. पोटात हेडरच्या दोन्ही अंगांना उभी, पोकळ फट होती, थरामागून थर तशीच. स्ट्रेचर जोडीने असतात, एक बाहेरून, एक आतून, आणि त्यांच्यामध्ये सांधा राहतो. इंग्लिशमध्ये हा सांधा वरच्या आणि खालच्या हेडरच्या थरांनी पुरता झाकला जातो. फ्लेमिशमध्ये वरचा हेडर साडेचार इंच झाकतो, पण स्ट्रेचर नऊ इंचांचा. उरलेली सव्वादोन-सव्वादोन इंचांची पट्टी दोन्ही बाजूंना उघडी राहते आणि सगळ्या उंचीभर तिथेच येते. मजुरांनी दर्शनी सांधे छान भरले होते, मधला कोणी भरलाच नव्हता. थापीच्या दांड्याने ठोकलं असतं तर पोकळ आवाजावरून आधीच कळलं असतं. तेव्हापासून मी दर थराला, वरचा मसाला पसरण्याआधी, मधली फट पातळ मसाल्याने भरून घेतो.

इंग्लिश बाँड मजबूत म्हणतात त्याचं मूळ इथे आहे. शिवाय तेवढ्याच दर्शनी भागात इंग्लिशमध्ये भिंत आरपार शिवणारे हेडर तीन, तर फ्लेमिशमध्ये दोन. निव्वळ वरून येणाऱ्या भाराला याने फार फरक पडत नाही, तिथे वीट आणि मसाला ठरवतात. फरक पडतो तो भिंतीचे दोन पदर एकमेकांपासून सुटू पाहतात तिथे: एका बाजूवर टेकलेला बीम, मागे मातीचा दाब. आम्ही बीमखाली काँक्रीटचा बेड ब्लॉक घातला आणि त्याखालचा थर सलग हेडरचा घेतला.

दिसण्यात फ्लेमिशला तोड नाही. इंग्लिशच्या भिंतीवर आडवे पट्टे दिसतात, फ्लेमिशमध्ये प्रत्येक थरात ठिपका-रेघ, ठिपका-रेघ. भट्टीत आगीजवळची थोडी काळपट भाजलेली वीट हेडरला वापरली तर नक्षी आणखी उठते. पण या नक्षीत खोट लगेच डोळ्यात येते. विटा कमी-जास्त लांबीच्या असतील तर मागची बाजू खडबडीत होते, कारण हेडरचं टोक तिथे निघतं. म्हणून आम्ही हेडरच्या विटा फूटपट्टी लावून वेगळ्या काढल्या आणि भिजवल्या, नाहीतर आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात कोरडी वीट मसाल्याचं पाणी लगेच ओढून घेते.

प्लास्टर करायचं असेल तर फ्लेमिशचा हट्ट कशाला? त्या घराच्या मागच्या, प्लास्टरच्या भिंती आम्ही इंग्लिशमध्येच उचलल्या, आणि आप्पांनी त्या अर्ध्या वेळात उरकल्या.