तोंडी वाटपाचे पुढचे वाक्य

रत्नागिरीत वकिली सुरू केली त्या पहिल्या पावसाळ्यात माझ्याकडे एका वाटपाच्या दाव्याची टिपणे काढण्याचे काम आले. आमची पक्षकार म्हणजे 1985 साली लग्न होऊन गेलेली मुलगी. वडील 1998 मध्ये वारले होते. भावांचे म्हणणे असे, की वडिलांनी 1987 मध्येच घरात बसून तोंडी वाटप केले, हापूसच्या कलमांच्या बागेचे दोन भाग झाले आणि तेव्हापासून दोघे आपापला आंबा वेगवेगळा विकत आहेत. अशा दाव्यात विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा हा सर्वोच्च न्यायालयाचा 11 ऑगस्ट 2020 चा निकाल उघडावाच लागतो. मी तो उघडला नाही. दिवसभर वीज नव्हती, शंभराहून अधिक पानांची पीडीएफ मोबाइलवर वाचणे जिवावर आले होते, आणि एका संकेतस्थळावरील सारांश दहा ओळींत आटोपत होता.

त्या सारांशावरून मी दोन वाक्ये टिपणात उतरवली. मुलीला सहदायिकाचा, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतील वाटेकऱ्याचा हक्क जन्मानेच मिळत असल्यामुळे, हिंदू उत्तराधिकार कायद्यातील दुरुस्ती लागू झाली त्या 9 सप्टेंबर 2005 रोजी वडील हयात असणे आवश्यक नाही, हे पहिले वाक्य. तोंडी वाटपाचा बचाव मान्य होऊ शकत नाही, हे दुसरे. दोन्ही आमच्या बाजूची होती, त्यामुळे ती तपासून पाहावी असे मनातही आले नाही. आपल्या विरुद्ध जाणारे वाक्य माणूस आपसूक तपासतो, सोयीचे वाक्य तसेच पुढे सरकते. सीनियरांनी टिपण वाचून फक्त विचारले, "परिच्छेद कोणता?" माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण सारांशात परिच्छेद क्रमांकच नव्हते.

मग मूळ निकाल घेतला. न्यायालयाच्या संकेतस्थळावरील प्रतीत परिच्छेद 129 मध्ये संदर्भित प्रश्नांची उत्तरे दिलेली आहेत. तोच मजकूर एससीसी या निकालसंग्रहात, म्हणजे (2020) 9 एससीसी 1 येथे, परिच्छेद 137 म्हणून छापलेला आहे. क्रमांकांतील हा फरक नवख्यांना फार छळतो. कोणत्या प्रतीतील क्रमांक आहे हे टिपणात लिहिले नसेल, तर न्यायालयात प्रत उघडल्यावर भलताच परिच्छेद समोर येतो. म्हणून मी आता क्रमांकाआधी प्रतीचे नाव लिहिते.

पहिले वाक्य उत्तरांत जसेच्या तसे सापडले. दुसरे अर्धेच सापडले. त्याच कायद्याच्या कलम 6(5) च्या स्पष्टीकरणातील कडक अट पाहता वाटप नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेले असले पाहिजे आणि तोंडी वाटपाचा बचाव स्वीकारता येत नाही, असे न्यायालय म्हणते. सारांश इथेच थांबला होता. पुढचे वाक्य मात्र 'तथापि' या अर्थाच्या शब्दाने सुरू होते. अपवादात्मक प्रकरणांत तोंडी वाटपाच्या बचावाला सार्वजनिक दस्तऐवजांचा आधार असेल आणि हुकूमनाम्याने झालेल्या वाटपाइतकेच ते शेवटी सिद्ध होत असेल, तर ते स्वीकारता येईल, असा त्याचा आशय आहे. केवळ तोंडी पुराव्यावर आधारलेला बचाव मात्र थेट फेटाळावा, असे त्यानंतर येते. मी माझे अर्धे वाक्य न्यायालयात वाचले असते, तर भावांच्या वकिलांनी उभे राहून फक्त पुढचे वाक्य वाचायचे होते.

गंमत अशी, की घाबरून मी आणखी एक सारांश पाहिला, तर तो उलट्या बाजूला झुकलेला. सार्वजनिक दस्तऐवज असतील तर तोंडी वाटप वैध ठरते, असे त्यात सरळ लिहिले होते. ही चूक ओळखायची तर उत्तराच्या थोडे मागे जाऊन त्यामागची चर्चा वाचावी लागते. असा बचाव अतिशय सावधपणे पाहावा, दस्तऐवज त्या काळचेच असावेत, आणि शक्यतांचे पारडे कुठे झुकते एवढ्यावर निष्कर्ष काढू नये, असे न्यायालयाने तिथे खालच्या न्यायालयांना बजावले आहे. दिवाणी दाव्यात आपण नेहमी शक्यतांच्या पारड्यावरच बोलत असतो, म्हणून हा इशारा मोठा आहे. अपवाद मुळात ठेवला का, याचेही कारण तिथेच दिले आहे: पूर्वी वाटपासाठी नोंदणीकृत दस्त आवश्यक नव्हता आणि घरातील वाटपासाठी कोणी क्वचितच न्यायालयात जात असे. एका सारांशाने अपवाद गाळला होता, दुसऱ्याने त्याची कडक अट, आणि दोन्ही वाचताना सारखेच खात्रीलायक वाटत होते.

शब्द शोधून खातरजमा करण्याचाही एक धोका मला याच निकालात कळला. पीडीएफच्या शोधचौकटीत living daughters of living coparceners असे टाइप केले, तर हा शब्दसमूह निकालात सापडतो. एखाद्या सारांशात 'हयात सहदायिकाच्या हयात मुलींनाच हक्क' असे लिहिले असेल, तर तो सापडल्यावर सारांश बरोबर आहे असेच वाटेल. प्रत्यक्षात ते शब्द प्रकाश विरुद्ध फुलवती या आधीच्या निकालाचे आहेत. विनीता शर्मामध्ये ते उद्धृत केले आहेत ते चर्चेसाठी, आणि शेवटी तो निकाल या मुद्द्यावर रद्दबातल ठरवला आहे. त्यामुळे शब्द सापडला की मी आता वर सरकत जाते आणि हा मजकूर कोणाच्या तोंडचा आहे ते पाहते: वकिलाच्या युक्तिवादाचा, जुन्या निकालातून घेतलेला, की न्यायालयाचा स्वतःचा. मराठी अनुवाद उपलब्ध असला तर समजून घेण्यासाठी तो जरूर वाचावा, पण अधिकृत पाठ इंग्रजीच असल्याचे त्यावरच लिहिलेले असते, म्हणून अवतरण त्यातून घेऊ नये.

दुरुस्त टिपणात मी परिच्छेदातील तिन्ही वाक्ये इंग्रजीतच उतरवली आणि माझा मराठी आशय वेगळ्या शाईने शेजारी लिहिला, म्हणजे न्यायालयाचे शब्द आणि माझे शब्द मिसळणार नाहीत. वेळ लागला साधारण दीड तास, त्यात बराचसा वेळ डोळे फाडून मोबाइलकडे बघण्यात गेला.

त्या दीड तासाने दाव्याकडे पाहण्याची दिशाच बदलली. 'मान्य होत नाही' या वाक्यावर विसंबले असते, तर भावांची कागदपत्रे मी वरवर चाळून बाजूला ठेवली असती. आता त्यांच्या प्रत्येक कागदाला मी दोन प्रश्न विचारू लागले: हा सार्वजनिक दस्तऐवज आहे का, आणि तो त्या काळचा आहे का. त्यांनी आंबा वेगवेगळा विकल्याच्या वाशी बाजारातील पट्ट्या जोडल्या होत्या. त्यांतील काही खरोखरच जुन्या होत्या, पण दलालाने दिलेली पट्टी हा खासगी कागद. सातबारा वेगवेगळा होता, म्हणून मी तो वेगळा झाल्याच्या फेरफाराची नक्कल तलाठी कार्यालयातून मागवली. ती तीन आठवड्यांनी आली. 1987 च्या वाटपाची वर्दी 2006 साली दिलेली होती.