कच्चं दूध आणि परत परत येणारा ताप: ब्रुसेलोसिसमध्ये या चुका टाळा

ताप येतो, गोळ्या घेतल्या की उतरतो, आठ-पंधरा दिवस बरं जातं आणि परत संध्याकाळी कणकण सुरू. रात्री एवढा घाम की बनियन आणि उशी दोन्ही भिजतात, सकाळी मात्र माणूस बऱ्यापैकी ठीक, फक्त अंगात त्राण नाही. घरात गोठा असेल, कच्चं दूध पोटात जात असेल आणि ताप असा ये-जा करत असेल तर ब्रुसेलोसिसची, म्हणजे जनावरांकडून माणसाला लागणाऱ्या जंतूंच्या आजाराची, शंका घ्यायलाच पाहिजे. पण बहुतेक घरांत ती येतच नाही.

एक नमुना केस घेऊ. चाळिशीतला माणूस, गोठ्यात चार गायी. त्यातली एक सातव्या महिन्यात गाभडली, वार अडकली, ती त्याने हातमोजे न घालता ओढून काढली. गायीला दूध आलं, ते बाकीच्या दुधात मिसळलं, आणि धार काढता काढता ग्लासभर कच्चं पिण्याची सवय तर आधीपासूनच. दूध दिसायला, चवीला एकदम नॉर्मल. साधारण तीन आठवड्यांनी त्याला ताप सुरू झाला. एवढी गॅप पडल्यावर गाभडलेली गाय आणि आपला ताप यांचा संबंध कोण लावणार? या आजारात लक्षणं दिसायला साधारण एक ते चार आठवडे लागतात, कधी कधी काही महिनेसुद्धा.

चूक पहिली: प्रत्येक वेळचा ताप नवीन समजणं

पहिल्यांदा "व्हायरल" म्हणून तीन दिवसांच्या गोळ्या. दुसऱ्यांदा विडाल टेस्ट थोडी पॉझिटिव्ह आली म्हणून टायफॉइडचा कोर्स. ताप उतरला, सगळे खूश. इथेच फसगत होते, कारण हा ताप लाटांसारखा आहे, काही दिवस चढतो आणि औषध नसलं तरी आपोआप ओसरतो, आणि श्रेय मिळतं शेवटच्या गोळीला. दुसरं म्हणजे हे जंतू आपल्या पेशींच्या आत जाऊन बसतात, त्यामुळे एका अँटिबायोटिकच्या पाच-सात दिवसांनी ते दबतात, संपत नाहीत. महिन्याभराने परत तेच, फक्त आता कंबर आणि सांधे पण धरलेले.

आपल्या केसमध्ये दुसऱ्या महिन्यात वजन उतरलं, पाठ दुखायला लागली, म्हणून टीबीचा संशय आला. तो चुकीचा नव्हता हां, रात्रीचा घाम, बारीक ताप, वजन घटणं, मणक्याचं दुखणं हे दोन्हींत सारखंच असतं. म्हणूनच अंदाजाने एकाची औषधं सुरू करायची नाहीत. रिफॅम्पिसिन दोन्हीकडे वापरतात, त्यामुळे टीबी आहे का हे न तपासता ते घेतलं तर चित्र अजूनच गढूळ होतं.

चूक दुसरी: डॉक्टरांना गोठ्याबद्दल न सांगणं

मला विचाराल तर सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. डॉक्टर विचारतात बाहेरचं पाणी प्यालात का, डास आहेत का, आणि आपण तेवढंच सांगून येतो. न विचारता तीन गोष्टी सांगा: घरात कोण कच्चं दूध, कच्ची साय किंवा कच्च्या दुधाचं चीज खातं, गेल्या काही महिन्यांत कुठलं जनावर गाभडलं का किंवा वार अडकली का, आणि विण्याच्या वेळी कोणाचा हात लागला. घरातल्या अजून कोणाला ताप किंवा सांधेदुखी असेल तर तेही सांगा. आपल्या केसमध्ये बायकोचे गुडघे महिनाभर दुखत होते, पण ते "कामाने दुखतात" म्हणून कोणी धरलंच नव्हतं. माणसाकडून माणसाला हा आजार सहसा लागत नाही, घरात दोघांना झाला म्हणजे दोघांचा सोर्स एकच.

चूक तिसरी: एका रिपोर्टवर निकाल लावणं

रोज बंगाल ही रक्ताची पटकन होणारी चाळणी टेस्ट आहे. ती पॉझिटिव्ह आली की पुढे नमुना पातळ करत करत अँटिबॉडी मोजणारी अ‍ॅग्लुटिनेशन टेस्ट करतात, तिथे 1:160, म्हणजे 160 पट पातळ करूनही पॉझिटिव्ह, किंवा त्याहून वर आलं आणि लक्षणंही जुळली तर आजार धरतात, जिथे गोठ्यागोठ्यात हा आजार आहे तिथे काही डॉक्टर 1:320 ची अपेक्षा ठेवतात. आपल्या माणसाचं 1:640 आलं. पण गंमत अशी की रक्तात अँटिबॉडी खूपच जास्त असतील तर कमी पातळ केलेल्या नमुन्यात टेस्ट उलट निगेटिव्ह दिसू शकते, म्हणून संशय दाट असेल तर लॅबला नमुना आणखी पातळ करून बघायला सांगतात, किंवा दोन आठवड्यांनी टेस्ट रिपीट करतात. ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं, करायचं असेल तर ते अँटिबायोटिकच्या आधी, आणि लॅबला ब्रुसेलाचा संशय आहे हे आधीच सांगायचं, कारण कल्चर हाताळणाऱ्याला त्यातून लागण होऊ शकते.

चूक चौथी: ताप गेला म्हणून औषध बंद

मोठ्या माणसात नेहमीचा कोर्स म्हणजे डॉक्सिसायक्लिन 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सहा आठवडे, आणि सोबत एकतर सहा आठवडे रिफॅम्पिसिन किंवा पहिले दोन-तीन आठवडे स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन. ताप पहिल्या एक-दोन आठवड्यांत जातो, माणूस कामाला लागतो आणि उरलेली पाकिटं कपाटात. मग काही महिन्यांनी आजार उलटतो. पूर्ण कोर्स करूनही काहींना उलटतोच, अर्धवट सोडला तर विचारूच नका. मणक्यात गेलं असेल तर तीन महिने किंवा जास्त औषध चालतं. आठ वर्षांखालची मुलं आणि गरोदर बाई यांचा कोर्स वेगळा असतो, त्यामुळे एकाची चिठ्ठी दुसऱ्याला चालवू नका.

डॉक्सिसायक्लिन दुधासोबत घेऊ नका, दुधातल्या कॅल्शियममुळे ते नीट शोषलं जात नाही, आणि दूधवाल्या घरात नेमकी दुधाबरोबरच गोळी घेतली जाते. भरपूर पाण्यासोबत घ्या, लगेच आडवे होऊ नका. रिफॅम्पिसिनने लघवी लालसर-नारिंगी होते, त्याला घाबरून गोळी सोडू नका.

वृषण सुजणं, पाय लुळे पडणं, मान आखडून जोराची डोकेदुखी, धाप लागणं, किंवा गरोदर बाईला असा ताप, यात वाट बघायची नाही, लगेच दवाखाना.

चूक पाचवी: माणसाला औषध, गोठा तसाच

दूध खळखळून उकळी येईपर्यंत तापवलं की जंतू मरतात, कोमट केल्याने नाही, आणि दही लावल्याने मरतील याची खात्री नाही. उकळूनही एक चूक राहते, कच्च्या दुधात घातलेलं माप तसंच उकळलेल्या दुधात बुडवलं जातं. दोन्हींची मापं वेगळी ठेवा.

गाभडलेल्या जनावराला हात लावताना हातमोजे, मास्क, चष्मा. वार आणि गर्भ कुत्र्यांपुढे टाकायचा नाही, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचा. सगळ्या जनावरांची तपासणी करून घ्या, कारण वरून धडधाकट दिसणारी गायसुद्धा दुधातून जंतू सोडत राहते, आणि अँटिबायोटिक देऊन गाय बरी करण्याचा प्रयोग सहसा फसतो. पॉझिटिव्ह जनावर वेगळं करून पुढचं पशुवैद्यकांना विचारा, गुपचूप दुसऱ्याला विकून टाकणं म्हणजे आजार त्याच्या घरी पाठवणं. लस कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात देतात, आधीच लागण झालेल्या गायीला ती बरी करत नाही. ती जिवंत जंतूंची असते, त्यामुळे टोचताना सुई आपल्याच हाताला लागली किंवा थेंब डोळ्यात उडाला तर धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि कुठली लस होती ते सांगा.