अध्यक्षपद सोडताना सभासदांना निरोपाचं पत्र लिहिताय? या चुका टाळा

आमच्या अठ्ठेचाळीस फ्लॅटच्या सोसायटीत मी बारा वर्षं व्यवस्थापन समितीवर होते, त्यातली शेवटची सात वर्षं अध्यक्ष म्हणून. एप्रिलमध्ये नवी समिती आली आणि मी सभासदांना निरोपाचं पत्र लिहिलं. दोन रात्री जागून, मनापासून लिहिलं होतं. त्यातल्या एका वाक्याने नव्या समितीला पुढे पावसाळाभर त्रास झाला. त्यानंतर ओळखीच्या चार-पाच सोसायट्यांमधल्या मावळत्या अध्यक्षांनी पत्राचा मसुदा मला दाखवला, आणि जवळपास प्रत्येकात त्याच दोन-तीन चुका दिसल्या.

आधी ते वाक्य सांगते. मी लिहिलं होतं, "गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम उत्तम रीतीने पूर्ण झालं असून गळतीचा प्रश्न आता कायमचा सुटला आहे." लिहिताना मला ते खरंच वाटत होतं. चौदा लाखांचं काम होतं आणि फेब्रुवारीत गच्चीवर अठ्ठेचाळीस तास पाणी साठवून तपासणी झाली होती. वर्क ऑर्डरप्रमाणे पाच टक्के रक्कम, म्हणजे सत्तर हजार रुपये, आम्ही राखून ठेवले होते. दोन पावसाळे कोरडे गेले की मगच ते द्यायचे होते. जुलैत सातव्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये छताला ओल आली. नव्या सेक्रेटरींनी कंत्राटदाराला बोलावलं, तर त्याने मोबाइलवर माझ्या पत्राचा फोटो काढून दाखवला. सोसायटीचं लेटरहेड, जावक क्रमांक, अध्यक्षांची सही, आणि काम पूर्ण व समाधानकारक असल्याचं स्पष्ट वाक्य. "तुमच्याच अध्यक्षांनी लिहून दिलंय, आता माझे सत्तर हजार द्या," असं त्याचं म्हणणं. काम पूर्ण झाल्याचा दाखला आर्किटेक्टने द्यायचा असतो, तो दिलेलाच नाही, हे वर्क ऑर्डर काढून दाखवावं लागलं. पॅराफिटच्या कडेचा गोलावा त्याने पुन्हा करून दिला, पण या वादात दीड महिना गेला आणि त्या घरातल्या आजींची खोली तोवर ओलीच राहिली.

ही चूक गच्चीपुरती नाही. लिफ्ट, रंगकाम, ड्रेनेज, सोलर, ज्या कामाचे पैसे किंवा हमीची मुदत बाकी आहे त्याबद्दल "पूर्ण", "समाधानकारक", "कायमचा" हे शब्द निरोपाच्या पत्रात येऊ देऊ नका. तसंच "डीम्ड कन्व्हेयन्स लवकरच मिळेल", "पुनर्विकासाचं बोलणं पुढे गेलं आहे" अशी वाक्यंही नकोत. सर्वसाधारण सभेने ठराव केलेला नसेल तर ते आश्वासन तुमचं एकट्याचं असतं आणि निस्तरावं लागतं पुढच्या माणसाला. मसुदा झाला की प्रत्येक वाक्याला विचारा, हे वाक्य कुणी सोसायटीविरुद्ध दाखवू शकेल का? मी ते वाक्य आज असं लिहीन: "गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम फेब्रुवारीत झालं आहे. हमीची मुदत चालू आहे. पावसाळ्यात कुठे ओल दिसली तर त्याच दिवशी ऑफिसमध्ये लेखी कळवावं."

यातलीच दुसरी गोष्ट म्हणजे लेटरहेड. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 160 प्रमाणे नवा अध्यक्ष निवडून आला की मावळत्या अध्यक्षाने कार्यालयाचा ताबा, कागदपत्रं आणि संस्थेची मालमत्ता त्याच्याकडे सोपवायची असते. ते एकदा झालं की लेटरहेडवर सही करण्याचा अधिकार आपल्याकडे उरत नाही. निरोपाचं पत्र साध्या कोऱ्या कागदावर, खाली नाव आणि "माजी अध्यक्ष" असं लिहून द्यावं. जावक क्रमांक घालू नये. ते एका सभासदाने बाकीच्या सभासदांना लिहिलेलं पत्र आहे.

म्हणूनच क्रमही महत्त्वाचा. आधी चार्ज, मग पत्र. निवडणुकीची प्रक्रिया चालू असताना पाठवलेलं पत्र कितीही निर्मळ मनाने लिहिलेलं असलं तरी कुणातरी उमेदवाराचा प्रचार म्हणून वाचलं जातं. आणि चार्ज देण्याआधी पाठवलं तर लोक आठवडाभर तुमच्याकडेच एनओसी मागत राहतात.

आता पैशांचा परिच्छेद, कारण सर्वात जास्त गैरसमज तिथे होतात. आपण किती चांगल्या स्थितीत संस्था सोडून चाललोय हे सांगावंसं वाटणं अगदी साहजिक आहे. म्हणून लिहिलं जातं, "आज संस्थेकडे 23 लाख 40 हजार रुपये शिल्लक आहेत." एका मसुद्यात हाच आकडा होता. मी त्या अध्यक्षांसोबत बसून तो फोडला. त्यात 11 लाख 20 हजार सिंकिंग फंडाच्या एफडीत होते. हा निधी दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का या दराने जमवायचा असतो आणि पुनर्बांधणी किंवा मोठ्या दुरुस्तीसाठी, तोही सर्वसाधारण सभेच्या ठरावानेच, काढता येतो. 6 लाख 50 हजार दुरुस्ती निधीचे. 1 लाख 60 हजार काही सभासदांनी आगाऊ भरलेल्या मेंटेनन्सचे. 70 हजार एका कंत्राटदाराची राखून ठेवलेली रक्कम, आणि 90 हजारांची बिलं यायची होती. हे सगळं मिळून 20 लाख 90 हजार होतात. वॉचमनचा पगार, वीज, पाणी, लिफ्टची देखभाल यासाठी प्रत्यक्षात मोकळे होते फक्त अडीच लाख, म्हणजे त्यांच्याकडे जेमतेम दोन महिन्यांचा खर्च.

पत्रात 23 लाख 40 हजार छापले गेले असते तर पुढच्याच सभेत "एवढे पैसे पडून आहेत, मग मेंटेनन्स कमी करा" ही मागणी आली असती, आणि नव्या समितीला पहिल्याच सभेत कंजूष ठरावं लागलं असतं. शिवाय मार्चअखेरचे आकडे एप्रिलमध्ये लेखापरीक्षण झालेले नसतात. ताळेबंदात ते बदलले तर मागे शंका उरते. पैशांबद्दल तीन वाक्यं पुरतात: 31 मार्चचे हिशोब तयार असून लेखापरीक्षणासाठी दिले आहेत, निधी ज्या त्या कारणासाठी वेगळे ठेवलेले आहेत, आणि सविस्तर ताळेबंद वार्षिक सर्वसाधारण सभेत मांडला जाईल. ही सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, त्यामुळे कुणाला फार काळ थांबावंही लागत नाही.

थकबाकीदारांबद्दल थोडक्यात. इतक्या वर्षांत ज्यांनी पैसे दिले नाहीत, वर सभेत आवाज चढवला, त्यांचा उल्लेख करावा असं शेवटच्या पत्रात फार वाटतं. मलाही वाटलं होतं. नाव तर नकोच, पण "बी विंगमधल्या तिसऱ्या मजल्यावरचे एक सभासद" हेही नावच असतं. सगळ्यांना ते कळतं. वसुली निबंधकांच्या दाखल्याच्या मार्गाने होते, पत्राने होत नाही, आणि अशा उल्लेखामुळे मूळ बाकी बाजूला राहून बदनामीचं भांडण सुरू होतं.

आभारांमध्ये मात्र हात आखडता घेऊ नका, फक्त नावांची यादी करू नका. अठ्ठेचाळीस घरांपैकी एकवीस नावं लिहिली की सत्तावीस घरं गप्प होतात. नावाऐवजी काम लिहा. "पाण्याची मोटर रात्री दोनला बंद पडली तेव्हा बॅटरी धरून टाकीवर उभे राहिलेले सभासद" असं लिहिलं की ज्याला कळायचं त्याला कळतं आणि बाकीच्यांनाही तो प्रसंग दिसतो. अपवाद एकच: वॉचमन, सफाई कर्मचारी, प्लंबर यांची नावं जरूर घ्या. त्यांचं नाव एरवी कुठल्याच इतिवृत्तात येत नाही.

शेवटची चूक फार प्रेमातून होते. "काही लागलं तर मी आहेच, केव्हाही फोन करा." हे वाक्य वाचून लोक खरंच फोन करतात, आणि नवा अध्यक्ष महिनोन्महिने नावापुरता राहतो. त्यापेक्षा तारीख लिहा: "1 मेपासून सर्व तक्रारी ऑफिसच्या फोनवर किंवा सेक्रेटरींकडे द्याव्यात." पण हे वाक्य खरं ठरायला पत्राबाहेरचं काम आधी झालेलं हवं. बँकेतल्या सह्या बदललेल्या हव्यात. वीजबिल, मालमत्ता कर, नेट बँकिंग, सोसायटीचा ईमेल यांचे ओटीपी तुमच्या मोबाइलवर येत असतील तर तो नंबर बदललेला हवा. लिफ्ट कंपनीकडे आणि टँकरवाल्याकडे नवा नंबर गेलेला हवा. टाकीची, मीटर रूमची, गच्चीची किल्ली नावाच्या चिठ्ठीसकट दिलेली हवी. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं अ‍ॅडमिनपदही. ही सगळी यादी चार्ज यादीत जाते, दोघांच्या सह्यांनी, दोन प्रतींत. पत्रात फक्त एवढंच यावं: "कागदपत्रं, किल्ल्या आणि खाती यांचा चार्ज अमुक तारखेला यादीप्रमाणे दिला आहे."

एवढं सगळं वजा केल्यावर पत्रात उरतं काय, असं एका मावळत्या अध्यक्षांनी मला विचारलं. पुष्कळ उरतं. त्यांच्या पत्राची सुरुवात शेवटी अशी झाली:

"सभासद बंधू-भगिनींनो, स.न.वि.वि. मी समितीवर आलो तेव्हा आपल्या गेटजवळचा गुलमोहर माझ्या कमरेइतका होता. आज वॉचमन त्याच्या सावलीत खुर्ची टाकून बसतात. मधल्या वर्षांत काही निर्णय बरोबर ठरले, काही चुकले. पार्किंगचा निर्णय घाईने झाला आणि त्याचा त्रास ज्यांना झाला त्यांची मी मनापासून क्षमा मागतो."

चुकीचा असा साधा, कारण न देता केलेला उल्लेख लोक लक्षात ठेवतात. मात्र एकाच चुकीचा करावा, आणि ज्यावर वाद किंवा दावा चालू आहे तिचा करू नये. पुढे तारीख, चार्ज, आभार, नव्या समितीला शुभेच्छा, आणि "कळावे, लोभ असावा". एका पानाच्या वर जाऊ नका, कारण नोटीस बोर्डाच्या काचेआड एकच पान मावतं.

आणि पत्र आधीच गेलं असेल, त्यात अशी एखादी चूक असेल, तर ग्रुपवरून ते डिलीट करू नका. फोटो तोवर इकडेतिकडे गेलेले असतात आणि डिलीट केल्याचीच चर्चा होते. नव्या अध्यक्षांना आधी सांगा. मग ज्या मार्गाने पत्र गेलं त्याच मार्गाने, तारीख घालून, दोन ओळींची दुरुस्ती पाठवा: "माझ्या अमुक तारखेच्या पत्रातील गच्चीच्या कामाबद्दलचं वाक्य माझं वैयक्तिक मत होतं. काम पूर्ण झाल्याचा दाखला आर्किटेक्टकडून यायचा आहे." एक प्रत सही करून सेक्रेटरींकडे फाइलला द्या. मी ती जुलैत दिली. एप्रिलमध्येच द्यायला हवी होती.