शागोती मसाल्याचा साठा : श्रावण-चवथीच्या हिशेबात या चुका टाळा

शागोती मसाल्याची विक्री वर्षभर एकसारखी नसते. आषाढ संपत आला की पाकिटं भराभर उठतात. श्रावण लागला की घरोघरी मटण-कोंबडी बंद होते आणि चवथ आटोपली की मागणी पुन्हा वर येते. तरीही मिरची किती मागवायची हे अनेकजणी महिन्यांच्या सरासरीवरच ठरवतात. घरगुती मसाला करणाऱ्यांचा जास्तीत जास्त माल मला इथेच वाया जाताना दिसतो. श्रावणात मिरची पडून सर्द होते आणि चवथीनंतर गिऱ्हाईक दारात असताना डबा रिकामा असतो.

एक हिशेब मांडून बघू. समजा, एका घाण्याला 2 किलो मिरची, 1 किलो धणे आणि बाकीचा मसाला मिळून अर्धा किलो लागतो. एरवी आठवड्याला एक घाणा निघतो. मिरची सांगितल्यापासून पाकीट तयार होईपर्यंत पावसाळ्यात 10 दिवस धरा, कारण ऊन नसल्यामुळे मिरची मंद आचेवर कोरडी करावी लागते आणि गिरणीवरही थांबावं लागतं. या 10 दिवसांना सुमारे 3 किलो मिरची जाईल. वर एका आठवड्याची राखीव म्हणून 2 किलो. म्हणजे डब्यात 5 किलो उरली की नवीन मागवायची. श्रावणात खप आठवड्याला अर्ध्या किलोवर आला तर हाच आकडा सव्वा किलो होतो. जुन्या 5 किलोवर अडून राहिलात तर नको असलेली मिरची भर पावसात घरात येईल.

शीटवर ठेवत असाल तर B2 मध्ये आठवड्याचा खप, C2 मध्ये माल तयार व्हायला लागणारे दिवस आणि D2 मध्ये राखीव साठा लिहा:

```
=B2*C2/7+D2
```

B2 मध्ये गेल्या आठवड्याचा खप घालणं ही खरी चूक. माल हाती येईल त्या आठवड्यांचा खप घालायचा. 2026 मध्ये चवथ 14 सप्टेंबरला आहे. तुमची बरीचशी गिऱ्हाइकं पाच दिवसांच्या गणपतीची असतील तर 20 तारखेच्या सुमारास मागणी सुरू होईल. सणात गिरण बंद राहणार असेल तर 10 चे 14 दिवस होतात. म्हणजे 6 सप्टेंबरपर्यंत मिरची सांगून झालेली हवी, तेव्हा श्रावण चालू असला आणि वहीत अर्ध्या किलोचाच खप दिसत असला तरी. किती मागवायची? पुढच्या चार आठवड्यांना 8 किलो लागणार आणि डब्यात दीड किलो असेल, तर साडेसहा. पावसाळ्यात याहून जास्त भरू नये असं माझं मत आहे.

गेल्या वर्षीची वही उघडताना इंग्रजी तारखेवर जाऊ नका. 2025 मध्ये चवथ 27 ऑगस्टला होती. यंदा अधिक महिन्यामुळे ती पुढे गेली. खपाच्या नोंदीशेजारी ‘आषाढ अमावास्या’, ‘चवथीनंतरचा पहिला आठवडा’ असं लिहून ठेवलं, की पुढच्या वर्षी तोच आकडा उपयोगी पडतो.

वहीत माल आहे आणि डब्यात नाही, असं झालं तर घट बघा. साडेतीन किलो कच्च्या मालातून देठ, भाजणी आणि गिरणीतली सांड जाऊन 3 किलो मसाला, म्हणजे 100 ग्रॅमची 30 पाकिटं मिळाली असं धरू. पाकिटांच्या वजनावरून साठा वजा केला तर दर घाण्याला अर्धा किलो माल नुसता कागदावर उरतो, चार घाण्यांत 2 किलो. म्हणून देठ काढण्याआधी तोलून जेवढा माल घाण्यात घेतला तेवढाच वजा करा, आणि आठवड्यातून एकदा डबा काट्यावर ठेवून वहीशी ताडून बघा. घट आपापली मोजावी, दुसऱ्याची उचलू नये.

तारखेचा घोटाळा बहुधा बरणीत होतो. तळाला जुना मसाला असताना वर नवा ओतला आणि पाकिटावर नव्या घाण्याची तारीख घातली, तर ती तारीख खोटी ठरते. बरणी रिकामी करून, पुसून, पूर्ण कोरडी झाल्यावरच नवा घाणा भरा. पाकिटावर घाण्याचा क्रमांक घाला आणि वहीत त्याच्यासमोर मिरचीच्या खेपेचा क्रमांक लिहा, जसं ‘घाणा 14 – मिरची खेप 3’. एखाद्या पाकिटाला कुबट वास आल्याचा फोन आला, तर आधी त्याच घाण्याची दुसरी पाकिटं उघडा. ती चांगली असतील तर त्या एका पाकिटाची शिवण तपासा. सगळ्यांनाच वास असेल तर खेप 3 ची उरलेली मिरची मोडून आत बघा. बुरशी आत बियांजवळ असते, वरून मिरची लालभडक दिसते. अशी मिरची भाजून वापरू नका, बुरशीचं विष भाजल्याने खात्रीने जात नाही. खेप 3 चे घाणे वहीत शोधा, त्यांची पाकिटं विक्रीतून काढा आणि ती ज्यांना दिली त्यांना त्याच दिवशी कळवा.